वीस तारखेचं स्टेटस

महिन्याची अठरा-एकोणीस तारीख आली की बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर एक चित्र उगवतं. लाल गजराचं घड्याळ, त्याच्या शेजारी टाय बांधून कपाळाला हात लावून बसलेला एक गोरापान परदेशी माणूस, आणि खाली जाड ठशात मजकूर : ‘प्रिय व्यापारी बंधूंनो, जीएसटीआर-३बी भरण्याची शेवटची तारीख २०! शेवटच्या क्षणाची धावपळ टाळा. दंड वाचवा. वेळेत भरा, निश्चिंत राहा!’ कोपऱ्यात कर सल्लागाराचा लोगो, पत्ता, दोन मोबाईल नंबर. सणासुदीचा महिना असेल तर याच चित्रात गणपतीबाप्पाही येतात, आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ नि ‘विलंब शुल्क’ एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात. व्यापारी हे चित्र पाहतो, कधीकधी खाली हात जोडल्याची खूणही टाकतो, आणि गिऱ्हाइकाला प्लायवूड दाखवायला उठतो. बिलं जिथे होती तिथेच, गल्ल्याखालच्या खणात, राहतात.

यावर सल्लागार मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं : आमचे व्यापारी हलगर्जी आहेत, कितीही सांगा, ऐकत नाहीत. मला हे पटत नाही. हाच व्यापारी भिशीचा हप्ता चुकवत नाही. घाऊकवाल्याला दिलेला चेक कुठल्या दिवशी बँकेत लागणार हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. तिमाहीच्या स्कीममध्ये किती पेट्या उचलल्या की कंपनी मिक्सर देते, हे तर त्याला मिक्सर देणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तारखा पाळण्यात जो इतका तयारीचा आहे, तो नेमकी हीच तारीख का पाळत नाही, याचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्याआधी त्या चित्राखालच्या मजकुरात शोधायला हवं. माझं म्हणणं असं, की तो मजकूर चुकीच्या तारखेबद्दल, चुकीची भीती दाखवतो आणि करायचं काय ते सांगतच नाही. व्यापारी तो वाचतो, समजतो, आणि त्यातून जो निष्कर्ष निघतो तो तंतोतंत अमलात आणतो. निष्कर्ष असा : अजून दोन दिवस आहेत.

आधी भीतीचं पाहू. मजकुरात दंड आहे, पण दंड किती हे नसतं. व्यापाऱ्याला मात्र ते माहीत असतं, कारण त्याने तो भरलेला असतो. ३बी उशिरा भरली तर रोजचे ५० रुपये, आणि वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका रिटर्नला जास्तीत जास्त २,००० रुपये. शिवाय जो कर रोखीने भरायचा होता त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. समजा, क्रेडिट वजा जाता रोख भरायचे २४,००० रुपये आहेत आणि आठ दिवस उशीर झाला. लेट फी ४०० रुपये, व्याज जवळपास ९५ रुपये. दुकानात दोन पोरं, स्वतः, आणि रोज टेकायला येणारे तीन शेजारी, एवढ्यांच्या आठ दिवसांच्या चहाचं बिल याहून जास्त होतं. त्यात ही लेट फी लगेच दिसतही नाही; पोर्टल ती पुढच्या महिन्याच्या ३बीमध्ये आणून ठेवतं, तेव्हा मागच्या महिन्याचं दुखणं कुणाला आठवणार? म्हणजे ज्या माणसाला आयुष्यभर भाव ऐकून ‘घ्यावं की सोडावं’ हे ठरवायची सवय आहे, त्याला आपण उशिराचा भाव सांगतो आणि तो त्याला परवडणारा निघतो. यात त्याचं काय चुकलं? धमकी देणाऱ्याने आधी धमकीचा हिशेब करून पाहायला हवा होता.

आता तारखेचं. मासिक रिटर्न भरणाऱ्याला महिन्यात दोन तारखा असतात : ११ आणि २०. अकराला जीएसटीआर-१, म्हणजे बाजारात ज्याला नुसतं ‘आर-वन’ म्हणतात ते. त्यात विक्रीची बिलं, आणि जीएसटी नंबर असलेल्या पार्टीचं तर एकेक बिल नंबरनिशी. वीसला ३बी, म्हणजे एकूण हिशेब आणि प्रत्यक्ष कर. या दोहोंच्या मध्ये १४ तारीख येते, आणि त्या दिवशी व्यापारी काहीच करत नाही, पोर्टल करतं. ज्यांनी अकरापर्यंत आर-वन भरलं त्यांची बिलं उचलून ते प्रत्येक खरेदीदारासाठी एक यादी तयार करतं, तिचं नाव जीएसटीआर-२बी. १ जानेवारी २०२२ पासून कायदा असा आहे, की विकणाऱ्याने बिल दाखवलं आणि ते खरेदीदाराच्या यादीत उतरलं, तरच खरेदीदाराला त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट. हातात छापील बिल आहे, माल गोदामात आहे, पैसेही दिलेत, तरी यादीत नाव नाही तर क्रेडिट नाही. थोडक्यात, अकरा तारीख तुमची नसतेच. ती तुमच्या गिऱ्हाइकाची असते. आणि स्टेटसवर झळकते ती वीस.

एक बिल घेऊन हे शेवटपर्यंत पाहू. सांगलीतलं रंग आणि हार्डवेअरचं दुकान धरा. २९ ऑगस्टला एका ठेकेदाराने लाखाचा माल नेला; १८ टक्क्यांनी कर १८,००० रुपये, बिल १,१८,००० रुपयांचं. ठेकेदार जीएसटी नोंदणीचा, महिन्याच्या महिन्याला रिटर्न भरणारा. दुकानदाराने ऑगस्टची बिलं १७ सप्टेंबरला, म्हणजे त्याच्या मते तीन दिवस आधीच, सल्लागाराकडे पोचवली. सल्लागाराने १८ ला आर-वन भरलं आणि २० ला ३बी. स्टेटसच्या भाषेत बोलायचं तर सगळं ‘वेळेत’ झालं. आर-वनला सात दिवस उशीर, कायद्याने रोज ५० प्रमाणे ३५० रुपये, एवढाच काय तो डाग. पण १४ तारखेला ठेकेदाराच्या यादीत हे बिल नव्हतं. त्याला आपल्या ३बीमध्ये ते १८,००० वजा करता आले नाहीत, ते त्याने रोखीने भरले. इकडे दुकानदारानेही याच बिलाचे १८,००० आपल्या ३बीतून सरकारला दिले. एका मालाचा कर दोघांच्या खिशातून एकाच दिवशी गेला, आणि पुढच्या १४ तारखेपर्यंत या व्यवहारात खऱ्या अर्थाने निश्चिंत कुणी असेल तर ते सरकार.

ठेकेदार मग काय करतो? तो दुकानदाराला नोटीस पाठवत नाही, व्याख्यान देत नाही. तो फक्त पेमेंट करताना एक लाख देतो आणि म्हणतो, ‘‘मालक, वरचे अठरा हजार माझ्या टू-बीत दिसले की सोडतो.’’ पुढच्या महिन्यात बिल यादीत येतं, पण तोवर ठेकेदाराची बिलं पास करणारा कुणी साहेब रजेवर जातो, किंवा ठेकेदारच दुसऱ्या साइटवर जातो, आणि ते अठरा हजार उधारीच्या वहीत एका स्वतंत्र पानावर जाऊन बसतात. काही पार्ट्या याहून शांतपणे वागतात : पुढच्या वेळी माल समोरच्या दुकानातून घेतात. हा तोटा ३५० रुपयांचा नाही आणि कुठल्याही पोर्टलवर दिसत नाही. व्यापारी ज्याला घाबरतो ती गोष्ट ही : पैसे अडकणं आणि गिऱ्हाईक तुटणं. ती समोर हात जोडून उभी असताना आपण त्याला घड्याळाचं चित्र दाखवतो.

मग वीस तारखेला काहीच अर्थ नाही का? आहे, पण दंडापेक्षा वेगळा. एका महिन्याची ३बी राहिली की पोर्टल पुढच्या महिन्याचं आर-वन भरूच देत नाही. म्हणजे आजच्या वीसचा आळस पुढच्या अकराला पार्टीच्या टू-बीवर जाऊन आदळतो. दोन महिन्यांच्या ३बी लागोपाठ राहिल्या तर तुमच्या नंबरवरून बाहेर जाणाऱ्या मालाचं ई-वे बिल निघणं बंद. टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर तंबाखू मळतोय, आणि मालक सल्लागाराला रविवारी फोन करतोय, हा प्रसंग ज्या बाजारात घडत नाही तो बाजार शोधावा लागेल. वीस तारखेच्या मजकुरात घालायचंच तर हे घाला. आणि एक उपयोगाची गोष्टही घाला, जी बऱ्याच जणांना अजून ठाऊक नाही : रिटर्न भरायला उशीर होणार असेल तरी चलनाचे पैसे २० च्या आत भरून ठेवले आणि ते रोख खात्यात तसेच राहिले, तर त्या रकमेवर व्याज लागत नाही. लेट फी मात्र सुटत नाही. यात घाबरवणं नाही, तर करता येण्याजोगं काहीतरी आहे.

आता सल्लागारांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार आक्षेप. ते म्हणतील, आमच्याकडे दोनशे-तीनशे फायली आहेत. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहीत बसलो तर रिटर्न कोण भरणार? आक्षेप खरा आहे, पण एकच चित्र सगळ्यांना लावल्याने काम वाचतं हा समज खरा नाही. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणारे कित्येक जण तिमाही पद्धतीत असतात. महाराष्ट्रात त्यांची ३बीची तारीख २२, तीही तीन महिन्यांतून एकदा. मधल्या महिन्यांत फक्त २५ पर्यंत चलन, आणि पार्टीची बिलं दाखवायची असतील तर १३ पर्यंतची सोय. कंपोझिशनवाल्याची तारीख आणखी वेगळी : तिमाही संपल्यावर १८. यांच्यातल्या प्रत्येकाला जेव्हा दर महिन्याला ‘शेवटची तारीख २०’ दिसते, तेव्हा पहिल्या वेळी तो घाबरून फोन करतो, दुसऱ्या वेळी चिडून करतो, आणि तिसऱ्या वेळेपासून स्टेटस पाहणंच सोडतो. त्या तीन फोनांना जेवढा वेळ जातो त्यात तीन ब्रॉडकास्ट याद्या तयार होतात : मासिक, तिमाही, कंपोझिशन. एकदाच करायचं काम आहे. पण स्टेटस टाकायला अर्धं मिनिट लागतं आणि आपण कळवलं याचं समाधान पूर्ण मिळतं, ही खरी अडचण.

दुसरा आक्षेप थोडा बेरकी आहे, आणि तो व्यापाऱ्यांकडून येतो : तारीख वाढतेच की! कधीकधी वाढते. डिसेंबर २०२४ च्या रिटर्नच्या वेळी पोर्टलच झोपलं, तेव्हा जानेवारीत आर-वनला १३ पर्यंत आणि ३बीला २२ पर्यंत मुदत मिळाली. २०२५ मध्ये २० ऑक्टोबर नेमकी नरक चतुर्दशीला आली आणि ३बीची मुदत २५ वर गेली. पण ही वाढ जाहीर झाली ती तारीख अगदी तोंडावर आल्यावर, आणि तोवर निम्म्या महाराष्ट्राच्या कर सल्लागारांनी फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप मांडलेला होता. शिवाय ती सवलत ३बीपुरती होती. त्या महिन्याचं आर-वन अकरालाच होतं. मुदतवाढीच्या भरवशावर बसणारा नेहमी वीसचा विचार करत असतो, आणि त्याचं नुकसान अकराला होऊन गेलेलं असतं. यातही दोष मजकुराचाच आहे. त्याच्या डोक्यात दुसरी तारीख कुणी घातलीच नाही.

तर मग मजकूर कसा असावा? मी एक मांडून पाहतो. तो १८ ला नाही, महिन्याच्या ३ तारखेला जायला हवा. आणि त्यात ११ हा आकडाही नको, कारण अकराला रिटर्न भरणं हे सल्लागाराचं काम आहे. व्यापाऱ्याने काय करायचं आणि कधीपर्यंत, तेवढंच. ‘‘शेठ, ऑगस्टची विक्रीची बिलं ६ तारखेपर्यंत पाठवा. जीएसटी नंबरवाल्या पार्टीचं एकही बिल राहिलं तर तिला १४ ला क्रेडिट दिसणार नाही आणि ती तुमचे पैसे अडवेल. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या बिलाचा नंबर कळवा, रद्द केलेली बिलंही सांगा. विक्री झालीच नसेल तर ‘विक्री नाही’ एवढंच लिहा.’’ झालं. घड्याळ नको, टायवाला नको. बिलाचे नंबर मागण्यात एक गोम आहे : आर-वनच्या तेराव्या तक्त्यात कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं फाडली आणि किती रद्द केली हे द्यावं लागतं. ४०१ ते ४३८ असं कळवलं आणि बिलं छत्तीसच आली, रद्द एकही नाही, तर दोन कुठेतरी आहेत. बहुतेक वेळा ती त्या पोराच्या खिशात असतात जो माल पोचवायला गेला होता. अठराला हे कळलं तर उपयोग शून्य. सहाला कळलं तर पोराला हाक मारता येते.

‘विक्री नाही’ची ओळही उगाच नाही. धंदा बंद म्हणजे रिटर्न बंद, असं मानणारे अनेक आहेत. नील रिटर्नलाही रोज २० रुपये लागतात, कमाल ५००, आणि सहा महिने गप्प बसलं तर नोंदणी रद्द व्हायची वेळ येते. खरं तर नील ३बी साध्या एसएमएसवरही भरता येते : `NIL 3B`, पुढे आपला जीएसटी नंबर, पुढे महिना आणि वर्ष, असं लिहून १४४०९ वर पाठवायचं, आणि `CNF 3B` पुढे आलेला आकडा लिहून परत पाठवून पक्कं करायचं. पण हे सगळं मजकुरात कोंबू नये. एका मजकुरात एकच काम, नाहीतर पुन्हा हात जोडल्याची खूण येईल.

दुसरा मजकूर १७-१८ ला जावा, आणि त्यात तारखेपेक्षा रक्कम मोठी असावी : ‘‘चलन २४,०००. उद्या संध्याकाळपर्यंत भरा. परवा सकाळी अकराला ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा.’’ ओटीपीची वेळ सांगणं गरजेचं आहे, कारण नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाईल नंबर पुण्यात शिकायला गेलेल्या मुलाचा असतो, आणि सकाळी अकरा ही त्याच्यासाठी पहाट असते. काही जण म्हणतील, एवढं रोखठोक लिहिणं बरं दिसत नाही, शेवटी आपण व्यावसायिक आहोत. पण व्यापाऱ्याला दिवसभर येणारे बाकीचे सगळे मेसेज असेच असतात : ट्रान्सपोर्टवाला गाडी नंबर आणि भाडं लिहितो, घाऊकवाला बिल नंबर आणि बाकी लिहितो. ‘प्रिय बंधूंनो’ म्हणणारे त्याच्या फोनमध्ये दोघंच, एक उमेदवार आणि एक कर सल्लागार, आणि पहिल्याला तो पाच वर्षांनी का होईना उत्तर देतो.

या सगळ्यात एक मजकूर असा आहे की जो वाचला जाईलच याची मी हमी घेतो, आणि तोच कुणी पाठवत नाही. तो १५ तारखेचा. आपल्याच व्यापाऱ्याची टू-बी उघडायची, त्याच्या खरेदीच्या बिलांशी ताडून पाहायची, आणि लिहायचं : ‘‘शेठ, अमुक डीलरने तुमचं ३२,४०० रुपये कराचं बिल दाखवलेलं नाही. या महिन्यात तेवढे जास्त भरावे लागतील.’’ आक्षेप येईल की यात मेहनत आहे. आहे, पण ३बी भरायची तर ही ताडणी तशीही करावीच लागते, फक्त वीसच्या रात्रीऐवजी पंधराला करायची. यात व्यापाऱ्याला काम कुठलंच नाही, भीती दाखवलेली नाही, कुणाला उपदेश नाही. फक्त आपले पैसे दुसऱ्याच्या आळसापायी अडकले, एवढी बातमी आहे. असा मेसेज गेला तर गिऱ्हाईक समोर प्लायवूड मोजत उभं असलं तरी व्यापारी आधी फोन हातात घेईल. तो त्या डीलरला पकडून अकरा तारीख म्हणजे काय, चौदाला काय होतं, दुसऱ्याचं क्रेडिट बुडवणारा माणूस कुठल्या लायकीचा असतो, हे सगळं इतक्या तपशिलात आणि इतक्या कळकळीने समजावून सांगेल, की ते शब्द कुठल्याच सल्लागाराला स्टेटसवर टाकता येणार नाहीत. आणि मग आपली ऑगस्टची बिलं गल्ल्याखालच्या खणातून काढायला पोराला सांगेल.